निलंबित कार्यकर्त्यांना काम काय? ‘वर्गणी’ या छुप्या भूमिकांच्या खेळाची बांधणी

राजा, प्रधान, शिपाई, चोर हा चार चिठ्ठ्यांचा खेळ मराठी घरांत बहुतेकांनी खेळलेला असतो. त्यात कुणी बाद होत नाही, कारण शिपायाने एकदा ओळखलं की डाव संपतो. माणसं तेरा झाली आणि डाव पाऊण तास चालवायचा ठरला की अडचणी सुरू होतात. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या कोजागिरीसाठी नेमका असा खेळ हवा होता. जागा गच्ची, खेळणारे तेरा, वय बारापासून साठीपर्यंत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून माइकशिवाय चालणारा. आणि एक अट ठाम होती: सुरुवातीलाच बाद झालेल्याने शेवटपर्यंत मोबाइल बघत बसायचं नाही.

पहिला पर्याय अर्थातच ‘माफिया’ होता. दिमित्री दाविदोव यांनी १९८६ मध्ये मॉस्कोत तयार केलेला हा खेळ आता जगभर खेळतात. रात्री सगळे डोळे मिटतात, गुन्हेगार खुणेने एकाला मारतात, दिवसा सगळे मिळून मतदानाने एकाला बाहेर काढतात. तेरा जणांत तीन गुन्हेगार धरले तर प्रत्येक फेरीत दोघे जातात: तेरा, अकरा, नऊ, सात, पाच, तीन. फेरीला दहा मिनिटं धरली तरी पहिल्या रात्री गेलेला माणूस चाळीस-पन्नास मिनिटं नुसता बसतो, तेही एक शब्द न बोलता.

दुसरी अडचण माहितीची. साध्या माफियात खरी माहिती फक्त गुप्तहेर या एका प्रामाणिक खेळाडूकडे असते, रोज रात्री एकाची. दहा प्रामाणिकांपैकी तो पहिल्याच रात्री मारला जाण्याची शक्यता दहात एक. तो गेला की उरलेल्यांकडे आवाजाची पट्टी आणि चेहरे एवढंच राहतं. मग पहिलं मत सर्वांत जास्त बोलणाऱ्यावर पडतं, नाहीतर सर्वांत गप्प असलेल्यावर. गच्चीवर तर डोळे मिटूनही शेजारच्याच्या बांगड्यांचा आवाज येतो. म्हणजे ज्याच्या शेजारी गुन्हेगार बसलाय त्याला फुकटची माहिती मिळते.

तिसरी अडचण पटकन दिसत नाही, पण गणितात स्पष्ट आहे. मतं आंधळेपणाने पडतात असं धरा. सात जणांत एक गुन्हेगार, आधी मतदान मग रात्र, असा खेळ असेल तर गुन्हेगार जिंकण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के येते. आता एक प्रामाणिक माणूस वाढवून आठ करा. ती चक्क ५५ टक्के होते! प्रामाणिक बाजूला माणूस मिळाला आणि त्यांचीच बाजू लंगडी झाली. कारण फेरीला दोघे जातात, त्यामुळे सात असोत की आठ, मतदानाच्या संधी तीनच राहतात. फक्त प्रत्येक मत जास्त माणसांत विभागलं जातं. गच्चीवर ऐनवेळी एखादा पाहुणा वाढतो किंवा एखादं लेकरू झोपायला जातं, तेव्हा असा सम-विषमाचा धक्का परवडत नाही.

म्हणून रात्र काढून टाकली. कुणी डोळे मिटत नाही, कुणी कुणाला मारत नाही. खेळाची गोष्टही त्याला जुळेल अशी घेतली: गणपती मंडळाच्या वर्गणीवर डल्ला पडलाय, तेरा जणांत तीन डल्लेखोर आहेत, बाकी दहा प्रामाणिक कार्यकर्ते. फेऱ्या चारच. प्रत्येक फेरीत मतदानाने एक जण निलंबित होतो. चौघांपैकी किमान दोन डल्लेखोर निघाले तर कार्यकर्ते जिंकले, नाहीतर डल्लेखोर. निलंबित झालेला खरा कोण होता हे खेळ संपेपर्यंत उघड करायचं नाही. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

तेरातून आंधळेपणाने चौघे निवडले तर त्यांत दोन किंवा तीन डल्लेखोर येण्याची शक्यता ७१५ पैकी १४५, म्हणजे साधारण २० टक्के. जुन्या पद्धतीत, आधी मतदान मग रात्र धरली तर, तेरा-तीनच्या खेळात प्रामाणिक बाजूची आंधळी शक्यता २१ टक्के असते. म्हणजे अवघडपणा तोच राहिला, पण वेळ बांधली गेली. माणसं बारा झाली तर ही शक्यता सुमारे २४ टक्के, चौदा झाली तर १८ टक्के. एका माणसाने फरक पडतो, पण अपेक्षित दिशेने आणि थोडासाच. दोन डल्लेखोरांची अट मुद्दाम आहे: एक साथीदार गमावूनही डाव हातात राहतो, त्यामुळे डल्लेखोर एकमेकांविरुद्ध मत द्यायला धजावतात आणि त्यांची टोळी मतदानातून सहज उघडी पडत नाही.

आता माहिती. ती सगळ्यांकडे हवी आणि सारख्या वजनाची हवी. वजन मोजायला एक सोपी पट्टी आहे: चिठ्ठी वाचल्यावर डल्लेखोरांची किती त्रिकुटं शक्य उरतात? तेरातून तीन निवडायच्या रीती २८६. प्रामाणिक माणसाला स्वतःबद्दल खात्री असते, म्हणून त्याच्यापुरत्या २२०. ‘या तिघांत नेमका एक डल्लेखोर आहे’ अशी चिठ्ठी त्याला दिली तर १०८ उरतात, जवळजवळ निम्म्या. पहिल्या मसुद्यात अशाच चिठ्ठ्या होत्या, दहाही कार्यकर्त्यांना. त्या फार जड ठरतात. २८६ निम्म्या करत गेलं तर आठच पायऱ्यांत एकावर येतात, आणि इथे तर दहा खऱ्या चिठ्ठ्या! तिघांनी थापा मारल्या तरी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून झाल्या की एखादा आकडेमोड करणारा कागदावर उत्तर काढतो आणि बाकीचे बारा जण त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. हा दोष ओळखायची खूण म्हणजे पहिल्या मतदानाआधी वाद होण्याऐवजी कागद-पेन मागितलं जातं.

म्हणून चिठ्ठी हलकी केली: ‘या पाच क्रमांकांत किमान एक डल्लेखोर आहे.’ वाचणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या २२० पैकी १८५ शक्यता उरतात. एकट्या चिठ्ठीने कुणी पकडला जात नाही, पण प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी ठोस असतं. बारा वर्षांच्या मुलाची चिठ्ठी आणि सोसायटीच्या अध्यक्षांची चिठ्ठी सारख्याच वजनाची.

डल्लेखोरांनाही छापील चिठ्ठी द्यायची, तोच मजकूर, तोच कागद. फक्त त्यांच्या चिठ्ठीतले पाचही जण प्रामाणिक. ऐनवेळी पाच आकडे रचताना नवखा माणूस अडखळतो आणि खेळ हुशारीऐवजी सवयीवर ठरतो. छापील खोट्या चिठ्ठीने ते टळतं. शिवाय चिठ्ठी दाखवून ‘बघा, मी प्रामाणिक’ असं कुणालाच सिद्ध करता येत नाही.

इथे एक बारीक गळती आहे आणि चिठ्ठ्या स्वतः बनवणाऱ्या बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. समजा, प्रत्येक खऱ्या चिठ्ठीत नेमका एकच डल्लेखोर घातला. मग दहा चिठ्ठ्यांत तीन डल्लेखोरांची नावं मिळून दहा वेळा येतात, प्रत्येकाचं तीन-चार वेळा. खोट्या तीन धरून प्रामाणिकांची नावं मात्र सरासरी साडेपाच वेळा. वाचन झाल्यावर ‘कुणाचं नाव सगळ्यांत कमी आलं’ एवढं मोजलं की चोर सापडले, तर्काची गरजच नाही. उपाय असा: पाच खऱ्या चिठ्ठ्यांत एक डल्लेखोर, पाच खऱ्यांत दोन, तीन खोट्यांत शून्य. ‘किमान एक’ हे शब्द दोन्ही प्रकारच्या खऱ्या चिठ्ठ्यांना चालतात. मग तेरा चिठ्ठ्यांतली ६५ नावं तेरा जणांत बरोबर पाच-पाच वेळा बसवता येतात. २, ७ आणि ११ या जागा डल्लेखोरांच्या धरून तयार केलेला एक संच असा आहे:

जागा १: २, ३, ७, ८, १३
जागा २: १, ४, ६, ९, १२
जागा ३: २, ४, ९, ११, १२
जागा ४: ३, ७, १०, ११, १३
जागा ५: २, ४, ७, ८, ९
जागा ६: १, २, ३, ५, ११
जागा ७: ३, ५, ८, १०, १३
जागा ८: २, ६, ९, १२, १३
जागा ९: १, ४, ६, ७, १०
जागा १०: ५, ६, ८, ११, १२
जागा ११: १, ५, ६, १०, १२
जागा १२: ३, ७, ९, १०, १३
जागा १३: १, ४, ५, ८, ११

कोणताही क्रमांक मोजून बघा, पाचदाच येतो, आणि स्वतःच्या चिठ्ठीत कुणाचंच नाव नाही. प्रामाणिकांच्या चिठ्ठ्या खऱ्या आणि डल्लेखोरांच्या चिठ्ठ्यांत काहीही असू शकतं एवढंच धरलं, तर तेराही चिठ्ठ्या वाचून झाल्यावर जुळणारी त्रिकुटं उरतात ३१. खरे डल्लेखोर त्यांपैकी नऊ-नऊ त्रिकुटांत दिसतात, पण पूर्ण प्रामाणिक असलेली जागा ९ देखील नऊ त्रिकुटांतच दिसते. १, ८ आणि १२ या जागा चार-चार त्रिकुटांतच येतात, म्हणजे त्यांच्यावरचा संशय थोडा हलका. एवढा चढ-उतार हवाच, नाहीतर वादाला टोक येत नाही. ही मोजणी खेळणाऱ्यांनी करायची नाही. संच छापण्यापूर्वी बनवणाऱ्याने करायची. उरलेली त्रिकुटं दहाच्या खाली गेली तर संच फार उघडा आहे. साठाच्या वर राहिली तर पहिल्या दोन फेऱ्यांत बोलण्यासारखं काही नसतं.

हे काम जागांच्या क्रमांकांवर केल्यामुळे पाकिटं आधीच भरून ठेवता येतात. लोक आल्यावर क्रमांकांच्या चिठ्ठ्या उचलतात आणि ज्याला जो क्रमांक येईल त्या जागी बसतात. कोण डल्लेखोर होणार हे त्या क्षणापर्यंत सूत्रधारालाही ठाऊक नसतं. पाकिटात दोन कागद. एक भूमिकेचं कार्ड. डल्लेखोराच्या कार्डावर तिन्ही क्रमांक लिहिलेले असतात, त्यामुळे साथीदार ओळखायला डोळे उघडझाप नको. कार्यकर्त्याच्या कार्डावरही तेवढ्याच लांबीच्या तीन ओळी हव्यात, नाहीतर कोण जास्त वेळ वाचतोय यावरून कळतं. एका मिनिटाने भूमिकेची कार्डं सूत्रधाराच्या डब्यात परत. दुसरा कागद पाच क्रमांकांची चिठ्ठी, ती जवळच राहते. पाकीट खाकी घ्यावं. पांढऱ्या पातळ पाकिटातून मोबाइलच्या टॉर्चमध्ये अक्षरं दिसतात. कार्डाला ३०० जीएसएमचा कागद पुरतो, अप्पा बळवंत चौकात तो सहज मिळतो. छातीवर लावायचे क्रमांक मात्र मोठे हवेत, चांदण्यात पलीकडच्या टोकावरून वाचता येतील असे.

पहिल्या फेरीत विषम जागांचे सात जण आपली चिठ्ठी वाचतात, दुसऱ्या फेरीत सम जागांचे सहा. प्रत्येकाला अर्धा मिनिट, आणि त्यात कुणी मधे बोलायचं नाही. या नियमाने लाजऱ्या माणसालाही बोलायची पाळी ठरलेली मिळते आणि मोठ्या आवाजाचा माणूस सगळी चर्चा आपल्याभोवती फिरवू शकत नाही. मग चार मिनिटं खुली चर्चा. मतदान एकदम: ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की सगळ्यांनी बोट दाखवायचं. एकामागून एक मतं घेतली तर शेवटचे लोक वारा बघून मत देतात. बरोबरी झाली तर फक्त त्या दोघांत पुन्हा मतदान, तरीही सुटलं नाही तर चिठ्ठी.

आता निलंबित माणूस. त्याची भूमिका उघड केलेली नसल्यामुळे तो आपल्या बाजूसाठी अजून लढतोय, आणि सगळ्यांना त्याच्याबद्दल शंका आहे. त्याला गप्प बसवायचं कारणच उरत नाही. तो चर्चेत पूर्वीसारखाच बोलतो, चिठ्ठी वाचायची राहिली असेल तर वाचतो. पण नुसतं बोलणं पुरत नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याचं कुणी मनावर घेत नाही. म्हणून त्याला दोन गोष्टी मिळतात.

पहिली, एक चिंचोका. हे त्याचं राखीव मत, उरलेल्या खेळात एकदाच वापरायचं; वापरलं की चिंचोका सूत्रधाराकडे. निलंबित खेळाडूला एक शेवटचं मत ठेवण्याची कल्पना ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ या खेळातून घेतली आहे. दर फेरीला मत दिलं तर निलंबनाला अर्थ राहत नाही, आणि मुळीच नाही दिलं तर त्याला पटवून देण्याची कुणाला गरज वाटत नाही. बहुतेक जण ते चौथ्या फेरीपर्यंत जपून ठेवतात, कारण माहिती तेव्हाच सर्वांत जास्त असते. ते अडवायला जाऊ नये. शेवटच्या मतदानात दहा खेळाडू आणि तिन्ही निलंबित मिळून तेरा बोटं उठणं हेच या खेळाचं टोक आहे.

दुसरी गोष्ट तपास समितीतली जागा. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत निलंबनानंतर समिती तपासासाठी तीन क्रमांक ठरवते. ते तीन कोण यावर सगळ्या निलंबितांनी मिळून बोलायचं, म्हणजे पहिल्या फेरीत गेलेल्यालाही तिसऱ्या फेरीपर्यंत काम राहतं. त्या तिघांत किती डल्लेखोर आहेत हा आकडा सूत्रधार फक्त नव्या निलंबिताला कार्डावर दाखवतो: ०, १, २ किंवा ३. तो जाहीर करतो, खरा किंवा खोटा. तपासात आधीच्या निलंबिताचा क्रमांकही घेता येतो, आकडा बघणाऱ्याचा स्वतःचा मात्र नाही.

एकाऐवजी तिघांचा तपास का? एकाच माणसाबद्दल विचारलं तर चारपैकी तीन वेळा उत्तर ‘नाही’ येतं आणि २२० पैकी १६५ शक्यता तशाच राहतात. ‘हो’ आलं तर एकदम ५५. एकाला काहीच मिळत नाही, दुसऱ्याला घबाड. तिघांच्या तपासात शून्य आला तर ८४ उरतात, एक आला तर १०८. दहापैकी जवळजवळ नऊ वेळा या दोनांपैकीच एक आकडा येतो, म्हणजे नशिबाचा वाटा कमी.

वरच्या संचावर एक डाव चालवून पाहू. पहिल्या फेरीत जागा ९ वरच्या काकू निलंबित झाल्या. त्या प्रामाणिक आहेत, पण ते फक्त त्यांनाच ठाऊक. त्यांनी ५, ६, ११ या तिघांचा तपास मागितला, आकडा आला १, तो त्यांनी खरा सांगितला. दुसऱ्या फेरीत उरलेल्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर एकूण ३१ त्रिकुटं. काकूंवर विश्वास ठेवला तर नऊ क्रमांक असलेली नऊ जातात, बावीस राहतात, आणि त्यांच्या आकड्याशी जुळणारी १३. मग मतदानात जागा ७ वरचा दादा निलंबित झाला. हा खरोखर डल्लेखोर. समितीत काकूंनी २, १०, १३ यांचा आग्रह धरला. खरा आकडा १ होता, दादाने शून्य सांगितला.

आता गट नेमक्या प्रश्नापाशी आला आहे. काकू खऱ्या धरल्या आणि दादाही खरा धरला, तर दोनच त्रिकुटं उरतात: ३, ४, ६ आणि ३, ६, ८. म्हणजे थेट तीन आणि सहावर आरोप, आणि दोघेही निर्दोष. दादाच डल्लेखोर आहे असं धरलं तर सात क्रमांक असलेली पाच त्रिकुटं उरतात, त्यांत २, ७, ११ हे खरं उत्तर आहे. दादाने शून्य सांगून दोन निरपराधांवर बोट रोखलं, पण ‘इतकी सोयीची बातमी याच्याच तोंडून कशी?’ असा प्रश्नही जन्माला घातला. दोन्ही निलंबित आता गच्चीवरचे सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार आहेत आणि उरलेल्या अकरा जणांना त्यांच्यातला खरा निवडायचाय. कुणी कागदावर त्रिकुटं मांडत नाही. ‘तीन आणि सहा एकदम संशयात कसे आले’ एवढं मात्र सगळ्यांना जाणवतं.

फसण्याच्या जागा मोजक्या आहेत. सूत्रधार आकडा दाखवताना चेहऱ्यावर काही उमटू देतो. म्हणून चारही कार्डं उताणी हातात घेऊन, पॅडच्या आड, फक्त योग्य कार्डावर अंगठा ठेवावा. चर्चेची चार मिनिटं वाढत गेली की चौथी फेरी कंटाळ्यात संपते, तेव्हा मोबाइलचा टायमर सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. एकच संच दोनदा वापरू नये, कारण कुणाला तरी ‘दोन, सात, अकरा’ आठवतं. दुसरा संच करण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून मांडणी नको: प्रत्येक क्रमांकात चार मिळवा, तेराच्या वर गेला की तेरा वजा करा. चिठ्ठ्यांचे मालक आणि आतले आकडे दोन्ही तसेच सरकवले की पाच-पाचचा तोल आणि ३१ त्रिकुटं तशीच राहतात, डल्लेखोर मात्र ६, ११ आणि २ होतात. दोन जुने क्रमांक पुन्हा आले म्हणून कुणाला ओळखीचं वाटण्याचा धोका असेल तर चारऐवजी एक मिळवा, डल्लेखोर ३, ८ आणि १२ होतील.

दहापेक्षा कमी माणसांत हा खेळ बसत नाही. नऊ जणांत पाच नावांची चिठ्ठी जवळपास काहीच सांगत नाही आणि तिघांचा तपास फार काही सांगून जातो. तिथे दोन डल्लेखोर, तीन फेऱ्या आणि चिठ्ठीत तीन नावं अशी वेगळी मांडणी करून त्रिकुटांऐवजी जोड्या मोजाव्या लागतात, आणि चिठ्ठ्यांचा तोल नव्याने बसवावा लागतो.